पाच हॅशटॅग पुरतात, आणि तेही कॅप्शनच्या शेवटी

*कासजवळ आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं ठिकाण आहे, चार खोल्या. हंगामात रोज एक उभा व्हिडिओ टाकतो, तीस-चाळीस सेकंदांचा. तोच इन्स्टाग्रामवर आणि तोच यूट्यूब शॉर्ट्सवर. इन्स्टावर आधी तीस हॅशटॅग टाकायचो, आता पाचच्या वर घेत नाही. उरलेले पहिल्या कमेंटमध्ये टाकू का? शॉर्ट्सवर अजून पंचवीस-तीस टाकतो, ते बरोबर आहे का? नक्की किती टाकायचे, कुठे टाकायचे, आणि जास्त टाकले तर बिघडतं काय?*

इन्स्टावर तीन ते पाच, कॅप्शनचं लिहिणं संपल्यावर अगदी शेवटी. शॉर्ट्सवर दोन किंवा तीन, डिस्क्रिप्शनमध्ये. शीर्षकात शक्यतो एकही नको. कमेंटमध्ये टाकू नका. आता बिघडतं काय ते सांगतो, कारण ते कळलं की किती आणि कुठे हे प्रश्न पुन्हा पडत नाहीत.

तीसची सवय तुमची एकट्याची नाही. मी गेली बारा-तेरा वर्षं छोट्या हॉटेलांची, मसाल्यांची, ट्रेकवाल्यांची पानं सांभाळतोय, आणि माझ्याही फोनमध्ये एका नोटमध्ये तीस हॅशटॅगांची पोथी होती. पोस्ट टाकली की कॉपी, पेस्ट, झालं. तेव्हा त्याला काही अर्थही होता. एखाद्या हॅशटॅगचं पान उघडलं की ताज्या पोस्ट एकाखाली एक दिसायच्या, म्हणजे तीस हॅशटॅग हे तीस चौकांत लावलेले तीस फलक होते. लोक हॅशटॅग फॉलोही करायचे. #satara फॉलो करणाऱ्याच्या फीडमध्ये तुमचा फोटो आपोआप जायचा. मग काळ बदलत गेला. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्याच @creators या खात्यानं सांगितलं की तीन ते पाच वापरा, दहा-वीस टाकून जास्तीचा प्रसार मिळत नाही. आपण कोणी ऐकलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये हॅशटॅग फॉलो करायची सोयच काढून टाकली. आणि २०२५ च्या अखेरीला मर्यादा तीसवरून पाचवर आणली, तोच धक्का तुम्हाला बसलाय. चौक गेले, फलक लावायची सवय मात्र राहिली.

आता व्हिडिओ कोणाला दाखवायचा हे कशावर ठरतं? इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: लोक किती वेळ बघतात, जितक्यांना दिसला त्यातले किती जण लाइक करतात, आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात. या तिघांत हॅशटॅग नाही. हॅशटॅगनं पोच फारशी वाढत नाही हे त्यांनी त्याआधीही वेगवेगळ्या वेळी सांगितलंय. मग हॅशटॅग करतो तरी काय? दोन कामं. व्हिडिओ कशाबद्दल आहे याची एक खूण यंत्राला देतो, आणि कोणी ते शब्द सर्चमध्ये टाकले तर तुमचा व्हिडिओ सापडायला मदत करतो. पाकिटावरचा पत्ता समजा. पत्ता नीट असला तर पत्र पोचतं. एकाच पाकिटावर तीस पत्ते लिहिले म्हणून पोस्टमन ते तीस घरी नेत नाही.

हे मला कळलं ते तुमच्याच कासमुळे, म्हणून तो किस्सा सांगतो. काही वर्षांपूर्वी पठाराच्या वाटेवरच्या एका जेवणाच्या ठिकाणाचं काम माझ्याकडे होतं. गवतावरचं धुकं, मागे चुलीवरची भाकरी, छान व्हिडिओ होता. मी पोथीतले हॅशटॅग चिकटवले, त्यात #kas आणि #kaas दोन्ही. दोन दिवसांनी मालकांचा फोन आला: "अहो, हे कोण लोक लाइक करतायत? एकाचंही नाव वाचता येईना." मी #kas उघडून पाहिलं. निळाशार समुद्र, होड्या, पांढरी घरं. तुर्कस्तानात काश नावाचं समुद्रकाठचं पर्यटनगाव आहे, आणि ते लोक घाईत त्याचं स्पेलिंग Kas असंच लिहितात. मग #kaas उघडलं. पिवळेधमक चीजचे गोळे! डच भाषेत kaas म्हणजे चीज. म्हणजे आमची भाकरी एकीकडे तुर्की किनाऱ्यावर आणि दुसरीकडे हॉलंडच्या चीजच्या दुकानात मांडलेली होती, आणि पुण्याहून शनिवारी निघणाऱ्या माणसाला तिचा पत्ता नव्हता.

तिथे एक नुसता वाया गेलेला हॅशटॅग असता तर हसून सोडून दिलं असतं. पण चुकीचा माणूस व्हिडिओवर आला की तो थांबत नाही. त्याला समुद्र हवा होता, समोर ज्वारीची भाकरी आली. अंगठा वर सरकतो, एका सेकंदात. तुमच्या खात्यात जमा होतं ते त्याचं निघून जाणं. वर सांगितलेल्या तीन गोष्टींतली पहिलीच, बघण्याचा वेळ, तिथे पडते. मोठ्या खात्याला याचा फरक पडत नाही, कारण त्याच्याकडे बघणारे आधीच लाखभर असतात. तुमच्यासारख्या चार खोल्यांच्या जागेचा व्हिडिओ पहिल्या दिवशी जेमतेम काहीशे लोकांपुढे जातो. त्यातले पन्नास जरी चुकीच्या वाटेनं आले तरी सरासरीची वाट लागते.

दुसरं नुकसान जागेचं. रील चालू असताना खात्याच्या नावाखाली कॅप्शनची जेमतेम एक ओळ दिसते, बाकीचं `more` दाबल्यावर. त्या एका ओळीत "सकाळी सातचं धुकं, फुलांचा शेवटचा आठवडा" लिहिलं तर माणूस थांबतो. तिथे `#kas #satara #nature #viral` आलं की त्याला वाचण्यासारखं काहीच उरत नाही. हॅशटॅग शेवटी ठेवायचे ते एवढ्यासाठीच. यंत्राला ते कॅप्शनमध्ये पुढे असोत की मागे, वाचायचंच आहे; माणसाला मात्र पहिली ओळच दिसते.

आणि तिसरी गोष्ट, तुमच्या यादीत नक्की असणारे ते चार नवरदेव: #viral, #trending, #explorepage, #fyp. यातला एकही व्हिडिओबद्दल काहीही सांगत नाही. फुलांच्या व्हिडिओखाली, लग्नाच्या व्हिडिओखाली, ट्रॅक्टरच्या व्हिडिओखाली तेच. #fyp ची तर गंमत आहे. तो टिकटॉकच्या 'फॉर यू पेज'चा. टिकटॉक भारतात जून २०२० पासून बंद आहे, आणि साताऱ्यात अजून लोक इमानेइतबारे #fyp लिहितायत. #explorepage सारखे भलते सरसकट हॅशटॅग टाळा, असं त्या २०२१ च्या सूचनेतच होतं. पाचच जागा असताना त्यातल्या चार यांना देणं म्हणजे चार खोल्यांपैकी तीन खोल्यांत पाहुण्यांऐवजी पोती भरणं.

आता तुमच्याच एका व्हिडिओवर करून बघू. समजा सप्टेंबर आहे, तुम्ही सकाळी पठारावर गेलात आणि 'सीतेची आसवे' या जांभळ्या-निळ्या फुलांचा तीस सेकंदांचा व्हिडिओ काढलात. आतापर्यंतच्या पद्धतीनं खाली काय गेलं असतं ते मी अंदाजानं लिहितो, रागावू नका:

```
Good morning ❤️ #kas #kaas #satara #nature #flowers
#love #viral #trending #fyp #explorepage #reelsindia
#mumbai #pune #goa #mahabaleshwar #lonavala #marathi
#marathimulgi #shivajimaharaj
```

यात तुमच्या कामाचा जेमतेम एक आहे, #satara. #pune का टाकलात हे मला समजतं: गिऱ्हाईक पुण्याहून येतं. पण #pune उघडणारा माणूस पुण्यातलं काहीतरी बघायला आलेला असतो, पुण्याबाहेर जायला नव्हे. #mahabaleshwar आणि #lonavala इथे तर तुम्ही दुसऱ्याच्या दारात उभे आहात. आणि #shivajimaharaj उघडणाऱ्या माणसाची त्यामागे भावना असते. त्याला फुलं आणि खोलीचं भाडं दिसलं की तो नुसता पुढे जात नाही, कमेंटमध्ये चार शब्दही सुनावून जातो.

त्याऐवजी असं लिहा:

```
ही 'सीतेची आसवे'. सकाळी लवकर आलात तर दवासकट दिसतात.
कास पठार, पुण्याहून साधारण तीन तास. शनिवार-रविवारी
येणार असाल तर प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी आधी करा.
मुक्काम आणि घरचं जेवण: नंबर बायोमध्ये.

#कासपठार #kaaspathar #सीतेचीआसवे #sataratourism
```

चारच आहेत, पाचवा मुद्दाम सोडलाय. पहिले दोन एकाच जागेचे, एक देवनागरीत आणि एक रोमन लिपीत, कारण आपली माणसं दोन्ही तऱ्हेनं शोधतात. एकाच फोनवर आई 'कास पठार' बोलून शोधते आणि मुलगा kaas pathar टाइप करतो. 'पठार' जोडल्याबरोबर तुर्कस्तान आणि चीज दोन्ही गेले. तिसरा या व्हिडिओचा स्वतःचा आहे. उद्या तेरड्याचा व्हिडिओ टाकलात तर हा बदलेल, चुलीवरच्या पिठल्याचा टाकलात तर हाही बदलेल आणि शेजारी कदाचित #पिठलंभाकरी येईल. चौथा जिल्ह्याचा, पर्यटनाच्या अंगानं. पाचवा हवाच असेल तर तुमच्या जागेच्या नावाचा करा, म्हणजे राहून गेलेले पाहुणे तोच लावतील आणि त्यांचे व्हिडिओ तुम्हाला एका जागी सापडतील. त्यानं नवं गिऱ्हाईक येणार नाही, पण पाहुण्यांचे व्हिडिओ पुन्हा शेअर करायला तो उपयोगी पडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुणे हॅशटॅगमधून उठून वाक्यात गेलं. 'पुण्याहून साधारण तीन तास' हे माणसालाही कळतं आणि सर्चलाही. कॅप्शनमधले साधे शब्दही शोधात धरले जातात, त्यांना # लावलंच पाहिजे असं नाही. लोकांनी वीस-पंचवीस हॅशटॅगांत जे कोंबलेलं असतं त्यातलं बरंचसं दोन साध्या वाक्यांत मावतं. आणि इन्स्टावर ठिकाण जोडायची जी वेगळी सोय आहे ती विसरू नका. राहण्याच्या जागेसाठी मी हॅशटॅगच्या आधी ते भरतो.

इथून पुढचा भाग मराठीत लिहिणाऱ्यांसाठीच आहे, आणि बहुतेक सल्ले इंग्रजीतून उचललेले असल्यानं तो कुठे सांगितलेला नसतो. इंग्रजीवाले वाक्याच्या मध्येच शब्दाला # लावतात आणि त्यांचं निभतं. आपलं निभत नाही, कारण आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो. 'आज #कासपठारावर धुकं होतं' असं लिहिलंत की हॅशटॅग झाला #कासपठारावर. तो #कासपठार पेक्षा पूर्ण वेगळा, आणि त्याच्या पानावर तुम्ही एकटे. #कोल्हापुरात, #सांगलीची, #पावसाळ्यातला यांचीही तीच गत. काही शब्दांत तर मूळ रूपच बदलतं: कोल्हापूरचा दीर्घ 'पू' कोल्हापुरात ऱ्हस्व होतो. म्हणून मराठीत हॅशटॅग नेहमी प्रत्यय नसलेला, मूळ शब्दाचा, आणि तो वाक्याबाहेर, शेवटी. आपल्या व्याकरणानंच जागा ठरवून दिली आहे.

याहून खोडकर भानगड 'साताऱ्या'ची आहे. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्डवर नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याला 'या' जोडला जातो, काहींवर साधा 'र', हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरमालिका आहेत, त्यामुळे #साताऱ्याचीसकाळ हा तुमच्या फोनवरून एक आणि तुमच्या पुतण्याच्या फोनवरून दुसरा निघू शकतो. मी एका शेतीमालाच्या पानावर #शेतकऱ्यांसाठी हा हॅशटॅग महिनाभर चालवला होता. दोघं जण पोस्ट टाकायचो, आणि उघडला की निम्म्याच पोस्ट दिसायच्या. चार दिवस गेले कारण सापडायला. तेव्हापासून माझा नियम: हॅशटॅगमध्ये 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' टाळायचे. 'सातारा' लिहा, 'साताऱ्याची' नको. दुसरं, जागा सोडली की हॅशटॅग तिथेच तुटतो: '#कास पठार' लिहिलं तर हॅशटॅग फक्त #कास. आडवी रेघ आणि पूर्णविराम यांनीही तुटतो. जोडायचंच असेल तर खालची रेघ, म्हणजे `_`, चालते. टाकल्यावर एकदा रंग बघा. जिथपर्यंत रंग वेगळा दिसतो तिथपर्यंतच हॅशटॅग आहे. मग त्यावर बोट ठेवून पान उघडा. तिथे तुमच्या विषयाचे व्हिडिओ असतील तर ठीक, तुर्की होड्या असतील तर काढून टाका. याला अर्धा मिनिट लागतो आणि शंभरातला एखादाच माणूस तो काढतो.

कमेंटचा प्रश्न. पहिल्या कमेंटमध्ये हॅशटॅग टाकायची पद्धत कॅप्शन स्वच्छ दिसावं म्हणून आली, आणि वीस-तीस टाकायचे असायचे तेव्हा ती समजण्यासारखी होती. पण सर्च कसं चालतं यावर इन्स्टाग्रामनं ऑगस्ट २०२१ मध्ये जे लिहिलं त्यात सरळ म्हटलंय की पोस्ट शोधात सापडायला हवी असेल तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये ठेवा, कमेंटमध्ये नको. आता चार-पाचच टाकायचे असताना लपवायला उरलंय काय? पाचची मर्यादा म्हणजे उरलेल्या पंचवीसना दुसरी जागा शोधायचं निमित्त नव्हे. ते पंचवीस गेले तर जाऊ द्या. व्हिडिओच्या चित्रावर मोठ्या अक्षरांत #कासपठार छापू नका, हेही जाता जाता सांगतो. चित्रावर छापलेल्या त्या अक्षरांवर बोट ठेवून काही उघडत नाही. तिथे नुसतं 'कास पठार, सातारा' लिहा, आणि ते वरच्या अर्ध्या भागात. खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं त्यावर येतात.

आता यूट्यूब. इथे मर्यादा ऐकून तुम्हाला मोह होईल: साठ. एका व्हिडिओवर साठपर्यंत चालतात, आणि साठच्या वर एक जरी गेला तरी यूट्यूब त्या व्हिडिओवरचे सगळेच हॅशटॅग धरत नाही. शिवाय अति झालं तर व्हिडिओ शोधातून किंवा चॅनलवरूनही काढला जाऊ शकतो, आणि व्हिडिओशी संबंध नसलेले हॅशटॅग हे दिशाभूल म्हणून नियमभंगात बसतात, असं त्यांच्याच मदतपानावर आहे. तुमचे तीस नियमात बसतात, पण त्यातला #goa बसत नाही. आणि गंमत अशी की डिस्क्रिप्शनमध्ये कितीही टाका, शीर्षकाजवळ दाखवले जातात ते जास्तीत जास्त तीन. म्हणून मी तिथे दोन-तीनवर थांबतो: #कासपठार, #kaaspathar आणि व्हिडिओचा स्वतःचा एक.

शॉर्ट्समध्ये सगळ्यात मोठी चूक शीर्षकात होते. मोबाइलवरून टाकताना जी पहिली रिकामी जागा समोर येते तिला लोक इन्स्टाच्या कॅप्शनसारखं समजतात आणि सगळं तिथे ओततात. ती शीर्षकाची जागा आहे, शंभर अक्षरांची, आणि शॉर्ट बघताना माणसाला खाली तेवढंच दिसतं. '#shorts #viral #kas' हे शीर्षक झालं की शोधणाऱ्याला व्हिडिओ कशाचा ते कळायची सोय संपली. तिथे 'कास पठारावरची सीतेची आसवे, सप्टेंबरची सकाळ' लिहा. #shorts तर आता टाकूच नका. २०२० मध्ये शॉर्ट्स पहिल्यांदा भारतात आलं तेव्हा तो लावायला सांगायचे, तिथून सवय पडली. आता उभा किंवा चौकोनी आणि तीन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ शॉर्ट म्हणूनच धरला जातो. तीन मिनिटांची मर्यादा १५ ऑक्टोबर २०२४ पासूनची आहे.

यूट्यूब स्टुडिओत `Tags` नावाचा एक वेगळा रकाना दिसतो. तो हॅशटॅगचा नाही, तिथे # लावायचा नसतो आणि बघणाऱ्याला तो दिसतही नाही. यूट्यूब स्वतःच म्हणतं की त्याचा उपयोग फार थोडा, मुख्यतः लोक स्पेलिंग चुकवतात अशा शब्दांसाठी. तुमच्या बाबतीत नेमकी तीच गरज आहे. `kas pathar, kaas pathar, kass plateau, kas plateau satara` एवढं तिथे भरा आणि विसरून जा. मात्र हीच यादी डिस्क्रिप्शनच्या तळाशी पुन्हा चिकटवू नका, त्याला परवानगी नाही.

कमी केल्यानं काही बिघडलं की सुधारलं हे कसं ओळखायचं? व्ह्यूजवरून ओळखू नका. तुमच्या धंद्यात ऑगस्ट-सप्टेंबरला व्ह्यूज वाढणार आणि नोव्हेंबरला पडणार, हॅशटॅग काहीही असोत. कासची फुलं हीच तुमची सगळ्यात मोठी जाहिरात आहे आणि ती हंगामी आहे. यूट्यूब स्टुडिओत एकेका शॉर्टचे आकडे उघडा, प्रेक्षक कुठून आले त्याची यादी येते. त्यात `Shorts feed` सगळ्यात वर असेल. खाली `YouTube search` आणि `Hashtag pages` शोधा. माझ्याकडच्या छोट्या चॅनलांवर हॅशटॅग पानांवरून येणारे प्रेक्षक इतके थोडे असतात की ती ओळ शोधावी लागते; सर्चवरून येणारे थोडे पण दमदार असतात, आणि `YouTube search` वर बोट ठेवलं की ते कोणते शब्द टाइप करून आले तेही दिसतं. ती शब्दांची यादी सोनं आहे. एका ट्रेकवाल्याच्या चॅनलवर लोक गडाच्या नावापुढे 'पार्किंग' लिहून येत होते. त्यानं पुढच्या शॉर्टच्या शीर्षकात 'पार्किंग कुठे' घातलं, हॅशटॅगला हात लावला नाही, आणि तो व्हिडिओ अजून शोधातून बघितला जातो.

त्याच पानावर किती जण थांबले आणि किती जण सरकून गेले हेही दिसतं. जुने तीसवाले दहा शॉर्ट आणि नवे तीनवाले दहा शॉर्ट, एकाच महिन्यातले आणि एकाच तऱ्हेचे, समोरासमोर ठेवा. थांबणाऱ्यांचं प्रमाण तेवढंच राहिलं तर तीस टाकण्याचा काही फायदा नव्हता हे उघड झालं. इन्स्टावर एवढ्या बारकाईत जायला नको. तिथे फॉलोअर नसलेल्यांचा हिस्सा आणि किती जणांनी पुढे पाठवला एवढंच बघा. पाठवणं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण कासचा बेत माणूस एकटा करत नाही. तो व्हिडिओ आधी मित्रांच्या ग्रुपवर पडतो, मग तुमचा फोन वाजतो.

जुन्या व्हिडिओंचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. सगळे उपसत बसू नका. शॉर्ट्समधले ज्यांच्यावर अजून सर्चमधून लोक येतायत असे आठ-दहा निवडा, त्यांच्या शीर्षकातले हॅशटॅग काढून साधं वाक्य घाला आणि डिस्क्रिप्शनमधला #goa उडवा. इन्स्टावरच्या जुन्या रील्सना हात लावायची गरज नाही, त्यांचं आयुष्य तसंही आठवडाभराचं होतं. आणि फोनमधली ती तीस हॅशटॅगांची नोट आजच पुसा. ती असली की रोज सकाळी घाईत, पाहुण्यांचा चहा गॅसवर असताना, बोट आपोआप पेस्टवर जातं.